इन्फ्युजन पंपाची वजनाने तपासणी: चूक पंपाची की मांडणीची?

"सर, पंप साडेसात टक्के कमी देतोय. फॅक्टर वाढवून टाकू का?"

आमच्या रुग्णालयाच्या वर्कशॉपमधल्या नव्या तंत्रज्ञाचा हा प्रश्न. फॅक्टर म्हणजे पंपाच्या सेटिंगमधला, तो किती पाणी देतो ते वरखाली करणारा आकडा. त्यानं पंप ताशी ५ मिलीवर लावला होता. बीकर वजनकाट्यावर ठेवून तासभर पाणी जमवलं, वजन भरलं ४.६३ ग्रॅम. ५ ऐवजी ४.६३ म्हणजे ७.४ टक्के कमी, आणि पंपाच्या पुस्तिकेतली मर्यादा ±५ टक्के. पंप नापास.

मी एवढंच विचारलं, की बीकरवर झाकण होतं का? नव्हतं. वर एसीचा झोत होता. मग पंप बंद करून तोच बीकर, तेवढंच पाणी घालून, त्याच जागी आणखी एक तास नुसता ठेवला. त्या तासात ०.३१ ग्रॅम पाणी उडून गेलं. ते जमेला धरलं, वजनाचं घनफळात नीट रूपांतर केलं, तेव्हा पंपानं दिलेलं पाणी निघालं ४.९६ मिली. चूक एक टक्क्याच्याही आत. त्या दिवशी फॅक्टर ८ टक्क्यांनी वाढवला असता, तर हा चांगला पंप वॉर्डात जाऊन खरोखर ७ टक्के जास्त औषध देऊ लागला असता, आणि आमच्या रजिस्टरमध्ये तो 'दुरुस्त' म्हणून नोंदला गेला असता.

अशा चुका वारंवार दिसतात म्हणून ही पद्धत क्रमानं लिहितो आहे. उदाहरण घेतलं आहे ते बाटली आणि सेट लावून चालणाऱ्या, नळी दाबत पुढे ढकलणाऱ्या पंपाचं, म्हणजे ज्याला आपण व्हॉल्युमेट्रिक पंप म्हणतो त्याचं. दर ताशी २५ मिली. आयईसी ६०६०१-२-२४ या मानकात याहून बरीच लांब, कित्येक तास चालणारी चाचणी आहे. इथे लिहिलं आहे ते रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये एका दुपारी होणारं नेहमीचं काम.

## टप्पा १: सामान जमवा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा ताशी २५ मिलीसाठी पुरतो. एका तासात २५ ग्रॅमच्या आसपास जमणार, त्यात ०.०१ ग्रॅम म्हणजे ०.०४ टक्के. ताशी १ मिलीची चाचणी मात्र या काट्यावर करू नका. तिथे ०.००१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा काटा लागतो.

याशिवाय १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन, सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाचा काचेचा बीकर, थर्मामीटर, स्टॉपवॉच (मोबाइलमधलं चालेल), १८ नंबरची सुई, सुई धरायला एक पकड असलेला स्टँड, सलाइन स्टँड आणि औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. पाणी डिस्टिल्ड किंवा बाटलीबंद स्टेराइल वॉटर घ्या.

सलाइन हाताशी असतं म्हणून तेच वापरू नका. नॉर्मल सलाइन पाण्यापेक्षा सुमारे ०.६ टक्के जड असतं. ग्रॅमचे मिली करायचा पाण्याचा गुणक लावून सलाइनचं वजन मोजलं, की पंप आहे त्यापेक्षा ०.६ टक्के जास्त देतोय असं दिसतं. शिवाय थेंब सांडले तर पंपाच्या दारात मीठ साचतं.

इशारा: चाचणीसाठी फोडलेल्या स्टेराइल वॉटरच्या बाटलीवर आणि सेटवर लगेच मोठ्या अक्षरात लिहा, 'फक्त चाचणीसाठी'. नुसतं पाणी शिरेतून गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. ही बाटली चुकूनही वॉर्डात परत जाता कामा नये.

पाणी आदल्या दिवशीच चाचणीच्या खोलीत आणून ठेवा. थंड पाणी खोलीत गरम होताना त्यात विरघळलेली हवा सुटते आणि नळीत बारीक बुडबुडे धरतात. ते पुढे तुम्हाला तासभर छळतील.

## टप्पा २: पंपाच्या आधी काटा तपासा

काटा एसीच्या झोतापासून, पंख्यापासून आणि दारापासून लांब, भक्कम टेबलावर ठेवा. पंप त्याच टेबलावर नको. मोटरची थरथर काट्यापर्यंत पोचते आणि शेवटचा आकडा नाचत राहतो. काटा अर्धा तास चालू राहू द्या, काट्याच्या लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणा, मग १०० ग्रॅमचं वजन ठेवा. ९९.९८ ते १००.०२ च्या बाहेर आकडा आला तर पुढे जाऊ नका, आधी काटा कॅलिब्रेट करा.

आता एक गोष्ट, जी फार थोडे लोक पाहतात. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांत शून्य आपोआप सांभाळायची सोय असते. ताटावर धूळ पडली, तापमान किंचित बदललं, तर काटा स्वतःच हळूच शून्यावर येतो. दुकानदाराला ही सोय उपयोगी आहे, आपल्याला घातक. ताशी ५ मिली म्हणजे सेकंदाला दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. बीकर ठेवून टेअर, म्हणजे भांड्याचं वजन शून्य धरणारं बटण, दाबलं आणि लगेच पंप सुरू केला, तर एवढ्या सावकाश वाढणाऱ्या वजनाला काटा 'शून्याची सरक' समजून गिळत राहतो. पडद्यावर ०.०० तसंच, आणि बीकरमध्ये पाणी जमतंय.

उपाय सोपा आहे. काट्याच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा. नसेल तर बीकर ठेवल्यावर टेअर दाबूच नका. रिकाम्या ताटाला शून्य करा, बीकर ठेवा, आणि पूर्ण वजन वाचून शेवटी वजाबाकी करा. शून्यापासून दूर असताना बहुतेक काटे ही ढवळाढवळ करत नाहीत. काटा काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असेल तर तीही आत्ताच बंद करा.

## टप्पा ३: बीकर, सुई आणि पॅराफिन

बीकरमध्ये साधारण तीन सेंटिमीटर पाणी घ्या. टप्पा ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे पाण्यानं भरून पंपात बसवलेल्या सेटच्या टोकाला जोडलेली सुई स्टँडच्या पकडीत बसवा आणि तिचं टोक पाण्याखाली सेंटिमीटरभर बुडेल असं खाली आणा. सुई बीकरच्या काठाला किंवा तळाला कुठेही टेकता कामा नये. नळीचा ताण पकडीवरच संपला पाहिजे. नळी बीकरला नुसती घासली तरी काटा तिचा जोर वजनात धरतो. मग कोणी शेजारून गेलं, नळी हलली, की वजन दशांश-दोन दशांश ग्रॅमनं उडी मारतं.

सुई पाण्याखालीच का? वर लटकत ठेवली तर पाणी थेंबाथेंबानं पडतं. एक थेंब सुमारे ०.०५ मिली. वाचन घेताना थेंब सुईला लोंबत होता की नुकताच पडला होता, याच्यावर आकडा ठरतो. दहा मिनिटांच्या वाचनात त्यानं एक टक्क्याहून जास्त फरक पडतो.

पण पाण्यात नुसती नळी बुडवली तर दुसरी चूक होते, आणि ती उलट्या दिशेची. पाणी चढत जातं तसा नळीचा आणखी भाग बुडतो, आणि त्या भागानं बाजूला सारलेल्या पाण्याइतकं वजन काट्यावर जास्त दिसतं. ४ मिलिमीटर जाडीची नळी आणि ७ सेंटिमीटरचा बीकर असेल तर ही वाढ ०.३ टक्के भरते. १.२ मिलिमीटरच्या सुईनं ती ०.०३ टक्क्यांवर येते, म्हणजे सोडून देण्याइतकी. म्हणून सुई, आणि म्हणून बीकर रुंद. अरुंद मोजपात्र घेतलं की हीच चूक वाढते.

सुई बसली, की मगच पाण्यावर लिक्विड पॅराफिनचा तीन-चार मिलिमीटरचा थर ओता. आधी ओतलं तर सुई खाली जाताना तेल तोंडात घेऊन जाते. पॅराफिन पाण्यावर तरंगतं, त्याची वाफ होत नाही, आणि खालचं पाणी झाकलं जातं.

सुईचं टोक पंपाच्या मध्याच्या उंचीला असू द्या. बीकर जमिनीवर आणि पंप स्टँडवर, अशी मांडणी नको.

## टप्पा ४: कोरी चाचणी

पंप सुरू न करता, सगळी मांडणी तशीच ठेवून, बीकरचं वजन लिहा. अर्ध्या तासानं पुन्हा लिहा. हीच कोरी चाचणी, आणि नेमकी हीच सगळे वगळतात.

पॅराफिन नीट पसरलं असेल तर फरक ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त येऊ नये. जास्त आला तर थर फाटला आहे का, सुईच्या कडेला पाणी उघडं आहे का, काट्यावर झोत येतोय का, ते पाहा. वजन *वाढत* असेल तर बहुधा पंपाच्या दारातून पाणी आपोआप ओघळतंय. ते मांडणीचं नाही, पंपाचं किंवा सेट चुकीचा बसल्याचं लक्षण आहे. पंप बंद असताना दाबणारा भाग नळी पूर्ण मिटत नाही, म्हणजे रुग्णाला बाटली मोकळी वाहण्याचा धोका आहे. चाचणी तिथेच थांबवा.

पॅराफिन मिळालंच नाही, तर कोरी चाचणी पूर्ण एक तास करा, आलेली घट लिहून ठेवा आणि शेवटी मिळवा. पण एसी मधेच चालू-बंद होत असेल तर ही घट दर तासाला वेगळी येते, हे लक्षात असू द्या. पॅराफिनची बाटली शंभर वेळा परवडली.

## टप्पा ५: बाटली, सेट आणि हवा

सेट नवा घ्या आणि पंपाच्या कंपनीनं सांगितलेलाच घ्या. या पंपाला वाहणारं पाणी 'दिसत' नाही. एका फेरीत नळीचा किती लांबीचा भाग दाबला आणि त्या नळीच्या पोटात किती मावतं, यावरून तो हिशेब मांडतो. नळीचा आतला व्यास थोडा कमी, भिंत थोडी जाड, की प्रत्येक फेरीला तेवढं पाणी कमी. पंप मात्र आपल्या आकड्यावर ठाम असतो. काही पंपांत निरनिराळ्या सेटची यादी असते. तिथे कुठलं नाव निवडलंय ते वाचून रजिस्टरमध्ये लिहा.

वॉर्डातून तक्रार आली म्हणून तपासणी करत असाल, तर सिस्टरांकडून तिथे लावलेला सेटही मागवून घ्या. नव्या सेटवर पंप पास होतो आणि वॉर्डात पुन्हा तीच तक्रार येते, असं अनेकदा होतं. कारण स्टोअरनं मधेच दुसऱ्या बनावटीचे सेट घेतलेले असतात.

बाटलीतल्या पाण्याची पातळी पंपाच्या वर ५० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, आणि पुस्तिकेत वेगळी उंची दिली असेल तर तीच.

आता सर्वात जास्त फसवणारी गोष्ट. आपल्याकडे बाटल्या बहुतेक प्लास्टिकच्या, अर्धवट कडक असतात. पिशवी जशी आपोआप मिटत जाते तशी बाटली मिटत नाही. पाणी बाहेर पडलं तेवढी हवा आत गेली पाहिजे. सेटच्या चेंबरवरचं हवेचं झाकण बंद राहिलं, तर बाटलीत हळूहळू निर्वात तयार होतो, पंपाच्या वरची नळी चपटी होत जाते आणि दर उतरतो. पहिली वीस मिनिटं सगळं ठीक, नंतर घसरण. झाकण उघडलंय का, हे बोट लावून पाहा. सेटला झाकणच नसेल, तर बाटलीला वॉर्डात लावतात तशी हवेची सुई लावा.

सेट प्राइम करताना, म्हणजे नळी पाण्यानं भरताना, रोलर क्लॅम्प हळू उघडा. पंपात बसणारा भाग उभा धरून बोटानं टिचक्या मारा, बुडबुडे वर जाऊ द्या. ०.१ मिलीचा एक बुडबुडा २५ मिलीतले ०.४ टक्के खातो. आणि पंपाचा हवेचा अलार्म एवढ्या लहान बुडबुड्याला वाजेलच असं नाही.

तपासून घ्या: चेंबर निम्मा भरलेला, हवेचं झाकण उघडं, रोलर क्लॅम्प *पूर्ण* उघडा, नळीला कुठे मुरड नाही, सुईच्या टोकाशी बुडबुडा नाही.

## टप्पा ६: सुरू करा आणि थांबा

दर ताशी २५ मिली लावा. एकूण मात्रा, म्हणजे पडद्यावरचं `VTBI`, किमान ६० मिली ठेवा, म्हणजे मोजणीच्या मधे पंप 'संपलं' म्हणून थांबणार नाही. सुरू करा आणि अर्धा तास काहीही मोजू नका.

या अर्ध्या तासात नळी पंपात आपली जागा घेते, यंत्रातली ढिलाई निघून जाते, उरलीसुरली हवा पुढे सरकते. पहिल्या दहा मिनिटांवरून पंपाला नापास करणं म्हणजे उभ्या गाडीचा सरासरी वेग काढण्यासारखं आहे. सिरिंज पंपात ही सुरुवातीची सुस्ती आणखी मोठी असते. दांडा आणि सिरिंज यांच्यातली फट, रबराचं चिकटणं, हे सगळं संपेपर्यंत कमी दरांवर बराच वेळ जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तिथे थांबण्याचा काळही जास्त धरावा लागतो.

एकदा सुरू झालं की दार उघडू नका, पर्ज किंवा बोलस ही भरभर पाणी सोडणारी बटणं दाबू नका. तसं झालं तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ७: मोजणी

पंप चालूच ठेवा. स्टॉपवॉच सुरू करा आणि त्याच क्षणी काट्यावरचं वजन लिहा. हे शून्य मिनिटाचं वाचन. पंपाच्या पडद्यावरचा 'दिलेली मात्रा' हा आकडाही शेजारी लिहा. मग दर दहा मिनिटांनी वजन लिहा, तासभर.

काट्याकडे एकानं आणि घड्याळाकडे दुसऱ्यानं पाहिलं तर उत्तम. एकटे असाल आणि वाचन चुकलं, तर ठरलेल्या वेळेचा आकडा अंदाजानं लिहू नका. ज्या सेकंदाला वाचलं ती खरी वेळ लिहा. १५ सेकंदांचा उशीर म्हणजे ताशी २५ मिलीवर ०.१ ग्रॅम. पूर्ण तासात तो ०.४ टक्के होतो, पण दहा मिनिटांच्या एका भागात अडीच टक्के.

एका पंपावर आमच्याकडे आलेली ही वाचनं. खोली आणि पाणी दोन्ही २५ अंशांवर, वर पॅराफिन, कोऱ्या चाचणीत घट शून्य.

| मिनिट | वजन (ग्रॅम) | दहा मिनिटांतली वाढ |
|---|---|---|
| ० | १८२.४६ | – |
| १० | १८६.५५ | ४.०९ |
| २० | १९०.६७ | ४.१२ |
| ३० | १९४.७५ | ४.०८ |
| ४० | १९८.८६ | ४.११ |
| ५० | २०२.९५ | ४.०९ |
| ६० | २०७.०६ | ४.११ |

पडद्यावरची मात्रा सुरुवातीला १८.३ मिली, शेवटी ४३.३ मिली.

तिसऱ्या रकान्याला सोडू नका. नुसतं पहिलं आणि शेवटचं वजन घेणारे लोक अर्धी माहिती फेकून देतात. इथे वाढ ४.०८ ते ४.१२ मध्ये खेळते आहे, म्हणजे पंप एकसारखा चालतोय. दाबणाऱ्या भागाच्या फेरीमुळे थोडं वरखाली होणारच.

## टप्पा ८: आकडेमोड

ग्रॅम म्हणजे मिली नव्हे. २५ अंशांना एक मिली पाण्याचं वजन ०.९९७ ग्रॅम असतं, आणि हवेत तोलताना हवेच्या उचलण्यामुळे आणखी सुमारे ०.१ टक्का कमी दिसतं. दोन्ही मिळून एक गुणक धरतात:

- २० अंश: १.००२९
- २५ अंश: १.००४०
- ३० अंश: १.००५४

गुणक बीकरमधल्या पाण्याच्या तापमानाचा घ्या, एसीच्या रिमोटवरच्या आकड्याचा नको.

```
मात्रा = (शेवटचं वजन − पहिलं वजन + बाष्पीभवनाची घट) × गुणक
       = (२०७.०६ − १८२.४६ + ०.००) × १.००४०
       = २४.७० मिली
चूक    = (२४.७० − २५.००) ÷ २५.०० × १०० = −१.२ टक्के
```

पुस्तिकेत ±५ टक्के दिलं असेल तर हा पंप पास. आता पडद्याकडे पाहा. पंप म्हणतो, मी तासाला बरोबर २५.० मिली दिले. म्हणजे त्याचं घड्याळ आणि फेऱ्यांचा हिशेब जागेवर आहेत. प्रत्यक्ष २४.७० मिळाले, म्हणजे जी काही कसर आहे ती दर फेरीला नळीतून पुढे जाणाऱ्या पाण्यात आहे. उलट, तासाभरात पडद्यावर २४.३ दिसले असते, तर फेऱ्याच कमी झाल्या आहेत किंवा पंप मधे थांबला आहे, असं समजलं असतं. शोध कुठून सुरू करायचा ते या एका तुलनेनं ठरतं.

बाकीचे दर वॉर्डाच्या वापराप्रमाणे निवडा. आम्ही २५ सोबत ताशी ५ आणि १०० घेतो. जमवण्याचा काळ घड्याळावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा: ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर किमान १० ग्रॅम जमले पाहिजेत. ताशी ५ मिलीला दोन तास लागतात, १०० ला पंधरा मिनिटांत २५ मिली मिळतात.

## टप्पा ९: ठरवलेली मात्रा बरोबर देतो का?

दर बरोबर असला तरी पंप ठरलेल्या मात्रेवर थांबतो का, हे वेगळं तपासावं लागतं. दर ताशी १२० मिली, `VTBI` २० मिली. दहा मिनिटांत संपलं पाहिजे. मांडणी तीच, पॅराफिन आणि सुईसकट. सुरुवातीचं वजन लिहा, सुरू करा, आणि शेवटच्या मिनिटाला काट्यासमोर उभे राहा.

कारण मात्रा संपल्यावर बरेच पंप थांबत नाहीत. शीर बंद पडू नये म्हणून ते `KVO` मध्ये जाऊन अगदी कमी दरानं पाणी देत राहतात. समजा `KVO` ताशी ३ मिली आहे आणि तुम्ही चहा घेऊन दहा मिनिटांनी आलात. तेवढ्यात अर्धा मिली जास्त गेलेला असतो. २० मिलीत तो अडीच टक्के, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं जातं 'जास्त देतो'. अलार्म वाजला त्या क्षणाचं वजन लिहा, आणि लगेच थांबवा.

मग मुद्दाम एकदा `KVO` चालू ठेवून वीस मिनिटं वजन पाहा. पुस्तिकेतला दर आणि मिळालेला दर जुळतो का, हे त्यातच कळतं.

## टप्पा १०: आकडे जुळले नाहीत तर

पंप उघडण्याआधी, आणि फॅक्टरला हात लावण्याआधी तर नक्कीच, तिसऱ्या रकान्याचा आकार बघा.

सुरुवातीपासून सारखीच तूट किंवा वाढ. सेट चुकीचा, यादीत सेटचं नाव चुकीचं, किंवा गुणक आणि बाष्पीभवन धरायचं राहिलं. दुसरा नवा सेट लावून पुन्हा करा. कमी दरावर तूट जास्त आणि मोठ्या दरावर नगण्य असेल, तर बाष्पीभवनाचाच संशय घ्या, कारण वाफ दर बघून उडत नाही. तासाला उडते तेवढीच उडते. वर सांगितलेल्या आमच्या पंपात ०.३१ ग्रॅमची तीच वाफ ५ मिलीवर ६ टक्के होती, २५ वर सव्वा टक्का, १०० वर ०.३.

हळूहळू उतरत जाणारी वाढ. आधी बाटलीचं हवेचं झाकण. मग चेंबरच्या खालची नळी बोटांनी चाचपा, चपटी लागते का. ते ठीक असेल तर दाबून दाबून नळी थकली आहे. सेट किती तास लागलेला होता ते विचारा.

वरखाली उड्या. नळी बीकरला टेकतेय, झोत आहे, बुडबुडे जातायत. एका भागात ३.८ आणि पुढच्यात ४.४ आले आणि बेरीज बरोबर निघाली, तर वाचनाची वेळ चुकली आहे. पंपाचा दोष नाही.

मर्यादेच्या काठावरचा आकडा. −४.८ टक्के आले म्हणून पास आणि −५.१ आले म्हणून नापास, असा निकाल एका चाचणीवर देऊ नका. आपल्या मांडणीतच काही दशांश टक्क्यांची शंका आहे. वेगवेगळ्या तीन सेटवर करा. तिन्ही वेळा काठावर किंवा पलीकडे आला, तर पंप वॉर्डात पाठवू नका.

फॅक्टर बदलायचाच झाला, तर तो कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं, कंपनीच्याच सेटवर, आणि बदलल्यावर तिन्ही दरांवर पुन्हा तपासून. जुना फॅक्टर रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय नवा टाकू नका.

काम संपलं की १०० ग्रॅमचं वजन काट्यावर पुन्हा ठेवा. सुरुवातीला १००.०० आणि आता ९९.९४ आलं, तर मधली सगळी वाचनं पुन्हा घ्यावी लागतील. बरोबर आलं तर सेट आणि बाटली तिथेच कचऱ्यात टाका, पंपाच्या पडद्यावरची मात्रा आणि दर शून्य करा, दार पुसून कोरडं करा. रजिस्टरमध्ये पंपाचा क्रमांक, सेटची बनावट आणि लॉट, पाण्याचं तापमान, कोऱ्या चाचणीची घट, सातही वाचनं आणि काट्याची दोन्ही वजनं लिहा. नुसतं '−१.२ टक्के, पास' लिहिलं, तर पुढच्या वर्षी −३ आल्यावर पंप बदलला की मांडणी, हे कोणालाच सांगता येत नाही.